वहीतल्या तेरा पानांचा हिशेब

आमच्या बचत गटाचं दप्तर गेली सात वर्षं माझ्याकडे आहे. जमा, खर्च, कर्जवाटप, व्याज, सगळं मी लिहिते. रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, "तुमच्या दुसऱ्या वहीबद्दल बोला." ती वही गटाची नाही, माझी स्वतःची आहे. चाळीस पानी, पोराच्या शाळेतली उरलेली. तिच्यात मी माझा जमेचा हिशेब लिहिलाय. त्यातलं एक पान आज वाचून दाखवणार आहे. पण ते पान कुठून आलं ते आधी सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, केस विंचरले हे काय वहीत लिहायचं!

माझी आई चैत्रात गेली. त्या वेळी मी रडले, दिवस केले, परत आले, कामाला लागले. सगळे म्हणाले, खंबीर आहे. मलाही तसंच वाटलं. आषाढीच्या सुमारास मात्र काहीतरी बिघडलं. चाळीत उन्हाळ कांदा भरलेला होता. पावसाची दमट हवा लागली की चाळीतला कांदा आठवड्याला निवडावा लागतो, एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो. दर वर्षी हे काम माझंच. या वर्षी मी चाळीत गेलेच नाही. वास यायचा, कळायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

स्वयंपाक करत होते, हे सांगते. सात माणसांचा स्वयंपाक हात आपोआप करतात. पण भाजीत मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही. पहाटे तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. नऊ दिवस केसांना फणी लागली नव्हती, हे मला लेकीनं सांगितलं. गटाची बैठक आमच्याकडे दर आठवड्याला असते. पाच बैठका मी गेले नाही. पहिल्या दोन वेळा डोकं दुखतं म्हणून सांगितलं, पुढे कुणी विचारायलाही आलं नाही. राखीपौर्णिमेला दर वर्षी मी माहेरी जाते. या वर्षी निघवलंच नाही. आई नसलेल्या घराचा उंबरा ओलांडायचा कसा? भाऊच आला, राखी बांधून घेतली, निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला रडूसुद्धा आलं नाही. त्या दिवशी मला स्वतःची भीती वाटली.

त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती. नागपंचमीच्या आसपास आशाताई फॉर्म भरायला आल्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा तो फॉर्म असतो. तंबाखू खाता का, कमरेचं माप किती, घरात कुणाला साखर आहे का. शेवटी दोन प्रश्न असतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी ते न विचारताच पुढे जातात. आमच्या आशाताईंनी विचारले. गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात गोडी वाटली नाही, असे किती दिवस गेले? आणि मन उदास आहे, काही आशा वाटत नाही, असे किती दिवस? एकही नाही असेल तर शून्य, काही दिवस असेल तर एक, अर्ध्यापेक्षा जास्त दिवस असेल तर दोन, जवळजवळ रोज असेल तर तीन. मी दोन्हीला "रोज" म्हणाले. सहा झाले. तीनच्या वर गेलं की पुढे तपासायला पाठवायचं असं त्या फॉर्मवर लिहिलेलंच असतं.

आशाताईंनी मला उपकेंद्रात नेलं. तिथल्या मॅडमनी आणखी प्रश्न विचारले, झोपेचे, भुकेचे, आणि मनात मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. विचारल्यामुळे मला उलट बरं वाटलं, कारण तो विचार दोनदा येऊन गेला होता आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता. त्या दिवशी घरी गेल्यावर ह्यांनी फवारणीची औषधं उचलून शेडमध्ये कुलपात ठेवली आणि किल्ली स्वतःकडे. काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. पण मला ते दिसलं.

मॅडमनी रक्तही तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेनऊच्या आत निघालं. आपल्याला ते बारा तरी हवं. त्या म्हणाल्या, थकवा रक्तामुळेही असेल आणि मनामुळेही, दोन्हीवर उपाय करू. थायरॉईड बरा निघाला. मग ग्रामीण रुग्णालयात, जिथे ठरलेल्या दिवशी जिल्ह्याचे मनाचे डॉक्टर येतात, तिथे पाठवलं. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि बजावलं की तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिले काही दिवस मळमळेल, घाबरून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करू नका. वहीचं सांगितलं ते त्यांच्याबरोबरच्या समुपदेशक ताईंनी. "रोज काय केलंत ते लिहा. कसं वाटलं त्यावर नाही, काय केलं त्यावर ओळ लिहा." मी मनात म्हटलं, मी काहीच करत नाही, लिहू काय?

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वही काढली. पोळ्यापर्यंत पंधरा दिवस झाले. पोळ्याच्या रात्री मी मागची सगळी पानं उलटून जे लिहिलं, ते आता वाचते. लिहिलंय तसंच वाचते.

"पोळा. रात्री साडेनऊ. लाईट गेलेली. मोबाइलच्या उजेडात लिहितेय.

पंधरा दिवस झाले. दोन पानं कोरी आहेत. तेरा पानांवर काही ना काही आहे. पहिल्या पानावर एकच ओळ, दात घासले. दुसऱ्यावर, ओट्यावर बसून चहा घेतला, आत नेला नाही. तिसऱ्यावर, चाळीपर्यंत गेले. निवडले नाहीत, नुसती गेले. वास फार होता. चौथ्या दिवशी एक क्रेट निवडला, निम्मा फेकावा लागला, तरी लिहिला. पाचव्या दिवशी लेकीनं केस विंचरून दिले, मी बसून राहिले, उठून गेले नाही.

सहाव्या दिवशी नऊ क्रेट. आता वाचून हसू येतं. सातवा कोरा. आठवा कोरा.

नवव्या दिवशी पुन्हा दात घासले, इथून सुरुवात. खाली लिहिलंय, लाज वाटली पण लिहिलं. दहाव्या दिवशी जाऊबाईंकडे पीठ मागायला गेले. पीठ घरात होतं. तरी गेले. त्या म्हणाल्या, बस की. बसले. पाऊण तास बसले.

अकराव्या दिवशी गटाची बैठक. मागे बसले. वीस मिनिटांनी उठून आले. कुणी अडवलं नाही हे बरं झालं. बाराव्या, तेराव्या दिवशी एकेक क्रेट. चौदाव्या दिवशी गटाच्या पाच आठवड्यांपैकी दोन आठवड्यांचा हिशेब उतरवला. अकरा बाया, पन्नास रुपये, दोन आठवडे, अकराशे. पासबुकाशी जुळला. आकडा जुळल्यावर पोटात थोडं हललं, भूक लागते तसं. खूप दिवसांनी.

आज पोळा. आमच्याकडे आता बैल नाहीत, मातीचे पूजले. पुरण जाऊबाईंनी वाटलं, पोळ्या त्यांनी लाटल्या, मी भाजल्या. सतरा भाजल्या. दोन करपल्या. आईला पुरणपोळी आवडायची. पहिली पोळी तव्यावर टाकली तेव्हा रडू आलं. राखीला आलं नव्हतं. हे जमेत लिहू की खर्चात? जमेत लिहिते.

अजून तीनला जाग येते. या पंधरा दिवसांतल्या चार रात्री पाचपर्यंत झोपले. चार लिहिते."

एवढंच पान आहे. आता त्यात काय काय चुकलं आणि काय उपयोगी पडलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी असं करणार असेल तर माझे दोन कोरे दिवस तुमच्या वाट्याला येऊ नयेत.

पहिली अडचण मापाची. मी सात वर्षं हिशेब लिहिते, म्हणून सवय अशी की मागच्या वर्षाशी तुलना करायची. मागच्या श्रावणात मी दिवसाला वीस क्रेट निवडत होते. मग एक क्रेट म्हणजे तोटाच ना? समुपदेशक ताईंना मी हेच म्हणाले. त्यांनी विचारलं, "मागच्या आठवड्यात किती निवडले?" शून्य. "मग एक हा शून्याच्या वर आहे." म्हणजे तुलना चांगल्या वर्षाशी करायचीच नाही, पडून होतो त्या आठवड्याशी करायची. आणि काम ठरवताना, आज जेवढं होईल असं वाटतं त्याच्या निम्मं ठरवायचं. क्रेट वाटत असेल तर अर्धा क्रेट. अर्धासुद्धा जड वाटत असेल तर चाळीपर्यंत जाऊन यायचं. माझ्या तिसऱ्या पानावर तेच आहे. त्या दिवशी मी नुसती चाळीच्या दारात उभी राहिले, पण दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळले.

दुसरी गोष्ट, वेळ. "जमलं तर करीन" असं म्हटलं की होत नाही. मन लागलं की उठू, असं म्हणत मी महिनाभर पडून होते. मन लागायची वाट बघायची नाही, घड्याळाची बघायची. सकाळचा चहा झाला की ओट्यावर. दुपारची भांडी झाली की चाळ. आधीच्या कामाच्या शेपटीला नवं काम बांधायचं, म्हणजे वेगळं ठरवावं लागत नाही. मनाचं नंतर येतं, कधी येतं, कधी येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटली. प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे लिहायचे. करायच्या आधी मन कसं होतं, दहापैकी, आणि केल्यावर कसं. शून्य म्हणजे अगदी खाली, दहा म्हणजे उत्तम. पानं वाचताना मी आकडे वगळले, आता सांगते. ओट्यावर बसून केस विंचरून घेतले, आधी दोन, नंतर चार. हरिपाठ म्हटला, आधी तीन, नंतर तीन. पडून मोबाइलवर रील बघितल्या, आधी तीन, नंतर दोन. जाऊबाईंकडे पीठ मागायला गेले, आधी दोन, नंतर पाच.

हे बघून मीच चकित झाले. मला वाटायचं मोबाइलनं मन रमतं. वाटायचं बाहेरच्या माणसात गेलं की त्रास होईल. आकडे उलटं सांगत होते. जाऊबाईंचं आणि माझं तसं फार जमतं असंही नाही, हे त्यांना माहीत आहे, त्या हे ऐकतही असतील. पण त्या पाऊण तासात त्यांनी माझ्या दुखण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मेथी निवडत होत्या, एक जुडी माझ्यापुढे सरकवली, बस. हरिपाठाचं तसंच राहिलं याचा अर्थ तो सोडा असा नाही, तो मी म्हणतेच. फक्त मन वर यायला त्या दिवसांत मला कशाचा उपयोग होतो ते कळलं, आणि ते प्रत्येकीचं वेगळं निघणार. माझी यादी तुम्हाला चालायची नाही.

आठवड्यानं ताईंनी ही पानं पाहिली आणि एकच बदल सांगितला. घरकाम लिहा, पण दिवसात एक ओळ अशी हवी की ती घरासाठी नाही, तुमच्यासाठी, किंवा चार माणसांत मिसळण्यासाठी आहे. कारण स्वयंपाक, धुणं, भांडी तर मी त्या महिन्यातही करत होते, त्यानं मन वर आलं नव्हतं. मी म्हणाले, माझ्यासाठी असं काय करू? कितीतरी वेळ मला काही सुचेचना. चाळीस वर्षांची बाई, आणि स्वतःला काय आवडतं ते आठवेना. शेवटी आठवलं, सकाळचं ऊन अंगावर घेत चहा. तीच दुसऱ्या पानावरची ओळ आहे.

हे सगळं ताईंच्या मनातलं नव्हतं, याची तपासणी झालेली आहे. आपल्या शेजारी गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगथ या संस्थेनं हे करून बघितलं. उदासीचा आजार चांगलाच जडलेली ४९५ माणसं होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि निम्म्यांना त्यावर गावातल्याच साध्या माणसांनी, जे डॉक्टर नव्हते, फक्त शिकवून तयार केले होते, अशांनी सहा ते आठ वेळा बसून हेच शिकवलं. काय केलं ते बघा, कशानं मन वर येतं ते बघा, छोटं काम ठरवा, करा, पुन्हा या. तीन महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या उपचारात शंभरातली ३९ माणसं त्या त्रासातून बरीच बाहेर आली होती, आणि हे शिकवलेल्यांत ६४. हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उरलेल्या ३६ जणांना तेवढ्यानं पुरलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

आता सहाव्या दिवसाचं. सकाळी उठले तर बरं वाटत होतं. ऊन पडलं होतं. मला वाटलं, गेलं एकदाचं. महिन्याभराचा राहिलेला कांदा एका दिवसात निवडून टाकू. नऊ क्रेट काढले, कंबर मोडली, आणि हे संध्याकाळी चाळीत येऊन म्हणाले, "बघ, झालीस की बरी. उद्यापासून मळ्यातही ये." प्रेमानंच म्हणाले. पण त्या रात्री मला झोप नाही आणि सकाळी उठवेना. दोन दिवस मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून. त्यातही पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता वाटत होतं, प्रयत्न करूनही होत नाही, माझ्यातच खोट आहे.

ताई म्हणाल्या, हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. चांगल्या दिवशी ठरलेल्याच्या दीडपटीच्या वर जायचं नाही, कितीही अंगात आलं तरी. एक क्रेट ठरला असेल तर दीड. उरलेली ताकद शिल्लक टाकायची, गटात टाकतो तशी. आणि घरच्यांनी पहिल्या बऱ्या दिवशी "झालीस बरी" म्हणायचं नाही. सासूबाईंनी उलट केलं होतं. लेकीनं केस विंचरले तेव्हा म्हणाल्या, "फणी फिरवली यात काय मोठं!" दोन्हींचा त्रास सारखाच झाला. एकीत माझं छोटं काम उडवलं, दुसऱ्यात त्याच्यावर मोठं ओझं टाकलं. मग मी ह्यांना सांगितलं, वही वाचा पण त्यावर बोलू नका. दहाव्या दिवसापासून हे रात्री वही उघडून बघतात, मिटून ठेवतात. एकदा नुसतं विचारलं, "पीठ होतं की घरात?" मी हसले.

कोऱ्या पानाचं काय करायचं? मी नवव्या दिवशी बसून सातव्या आणि आठव्या पानावर काहीतरी भरायला निघाले होते. दप्तरवाल्या बाईला कोरा रकाना बघवत नाही. पण गटातसुद्धा एखादी बैठक झाली नाही तर आपण खोटी हजेरी लावतो का? कोरं ते कोरं. त्याच्या पुढचं पान उघडायचं आणि सगळ्यात सोप्या ओळीपासून पुन्हा लागायचं. माझी सगळ्यात सोपी ओळ दात घासण्याची होती.

एक कबूल करते. बरं वाटायला लागलं ते वहीमुळे, गोळीमुळे, की लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढल्यामुळे, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. तिन्ही एकदमच सुरू झालं. पोळ्यापर्यंत गोळीला अडीच आठवडे होत आले होते, म्हणजे गुण यायची वेळ तीच. म्हणून माझी वही ऐकून कुणी गोळी सोडू नका, आणि वहीवरच भिस्तही ठेवू नका. माझी गोळी अजून चालू आहे. डॉक्टर म्हणतात, पुरतं बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायची, मग तेच हळूहळू कमी करतील.

वही पुरत नाहीये हे कसं ओळखायचं, तर आकडे बघायचे. दोन आठवडे रोज लिहून आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा हलतच नसेल, जेवण जात नसेल, झोप येतच नसेल, तर थांबायचं नाही, उपकेंद्रात जायचं. आणि मरणाचा विचार आला, तर दोन आठवडेही नाहीत आणि दोन दिवसही नाहीत. त्याच वेळी घरातल्या एका माणसाला सांगायचं, त्या माणसानं तिला एकटी सोडायचं नाही, आणि १४४१६ वर फोन लावायचा. टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मी एकदा लावला होता, पहाटे साडेतीनला, त्या कोऱ्या दिवसांत. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "आत्ता घरात कोण जागं आहे?" मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, "मग एकाला उठवा, तोवर मी फोनवर आहे." मी लेकीला उठवलं नाही, ह्यांना उठवलं. त्यांनी चूल पेटवून चहा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साखर विसरले होते.

आता दिवाळी होऊन गेली. गटाचे राहिलेले तीन आठवडे मी गणपतीच्या आधीच उतरवले. दोघींचा एकेक हप्ता राहिला होता, म्हणून पाच आठवड्यांचे सत्तावीसशे पन्नास न होता सव्वीसशे पन्नास झाले, आणि पासबुकही तेच सांगत होतं. चाळीतला कांदा बराच गेला, जो राहिला तो विकला. पहाटेची जाग आठवड्यातून एखादी येते, तेव्हा उठून बसते. वही चालू आहे, पण रोज लिहीत नाही, मन खाली जातंय असं वाटलं की लिहिते. आईच्या वर्षश्राद्धाला अजून चार महिने आहेत, तेव्हा पुन्हा रोज लिहावं लागेल असं धरून चालले आहे. त्यासाठी पंधरा पानं मागे ठेवली आहेत.

आमच्या गटात एक बदल झाला, तो सांगून थांबते. एखादी बाई दोन बैठका आली नाही, तर तिसऱ्या बैठकीच्या आधी दोघींनी तिच्या घरी जायचं असा ठराव लिहिलाय. जाऊन "काय होतंय" विचारायचं नाही. मेथीची जुडी घेऊन जायची, निवडत बसायचं. ठराव मीच लिहिला, अध्यक्षांनी सही केली. आतापर्यंत एकदाच वेळ आली, त्या बाईला नुसता ताप होता, पण मेथी निवडून झाली.

आता निघते. उन्हाळ कांद्याचं रोप टाकलंय, त्याला पाणी द्यायचंय. आज दोन वाफे ठरवलेत.